एकच रक्कम, दोन वह्या, दोन बाजू

दुकानदार गल्ल्यातले १०,००० रुपये बँकेत भरतो. थोड्याच वेळात मोबाइलवर संदेश येतो की खातं १०,००० रुपयांनी 'क्रेडिट' झालं आहे. रात्री त्याचा हिशेबनीस दुकानाची वही उघडतो आणि तेच १०,००० रुपये बँकेच्या खात्याला 'डेबिट' बाजूला लिहितो. रक्कम तीच, दिवस तोच, आणि नोंदी मात्र एकमेकींच्या उलट. यात कोणाचंच चुकलेलं नाही. अकरावी कॉमर्सला पुस्तपालन हा विषय पहिल्यांदा हातात घेणारी मुलं नेमकी इथेच अडतात. क्रेडिट म्हणजे पैसे आले, डेबिट म्हणजे पैसे गेले, हे बँकेच्या संदेशांनी त्यांच्या डोक्यात आधीच बसवलेलं असतं आणि वर्गातल्या फळ्यावर मात्र सगळं उलटं दिसतं.

मराठी पुस्तकांत डेबिटला 'नावे' आणि क्रेडिटला 'जमा' म्हणतात. रोजच्या बोलण्यात जमा म्हणजे गोळा झालेलं, साठलेलं. हिशेबाची वही वाचताना तो अर्थ थोडा वेळ बाजूला ठेवावा लागतो. नावे म्हणजे वजा नाही, जमा म्हणजे अधिक नाही, आणि यातली एक बाजू चांगली व दुसरी वाईट असंही नाही.

बँकेचा संदेश समजून घ्यायचा तर तो कोणाच्या वहीतून आला हे आधी पाहायला हवं. तो बँकेच्या वहीतून आला आहे. दुकानदाराने भरलेले १०,००० रुपये बँकेला मिळाले खरे, पण ते तिचे झाले नाहीत. दुकानदार मागेल तेव्हा ते परत द्यायचे आहेत. म्हणजे बँक त्याचं देणं लागते. आपण ज्याचं देणं लागतो, त्याच्या खात्यात ती रक्कम जमा बाजूला लिहायची, या रिवाजाप्रमाणे बँकेने दुकानदाराचं खातं जमा केलं. त्याने डेबिट कार्डाने २,००० रुपये खर्च केले की बँकेचं देणं तेवढ्याने कमी होतं, म्हणून बँक त्याच खात्याच्या नावे बाजूला २,००० लिहिते. दुकानदाराची स्वतःची वही मात्र त्याच्या बाजूने लिहिलेली असते. त्याच्या लेखी बँकेकडून १०,००० येणं आहे. येणं आहे, म्हणून नावे. याच दुकानदाराने त्याच बँकेकडून कर्ज घेतलं असेल, तर बँकेच्या वहीत त्याच्या कर्जखात्यावर नावे शिल्लक दिसेल, कारण तिथे बँकेला त्याच्याकडून घ्यायचे आहेत. माणूस एक, बँक एक, पण एका खात्यात तो तिचा धनको आणि दुसऱ्या खात्यात ऋणको.

या पद्धतीची सुरुवातच उधारीच्या नोंदीपासून झाली. तेराव्या शतकाच्या अखेरीस फ्लॉरेन्सचे व्यापारी युरोपभर पेढ्या चालवत होते. त्यांतल्या जिओव्हानी फारोल्फी आणि कंपनीची एक शाखा दक्षिण फ्रान्समधल्या सालों या गावी होती. तिथली १२९९-१३०० सालची खतावणी अपुरी का होईना, पण टिकून राहिली आहे. ती अमातिनो मानुची नावाच्या माणसाने लिहिली आणि दुहेरी नोंद पद्धतीच्या सगळ्यात जुन्या पुराव्यांमध्ये तिची गणना होते. अशा पेढीवर पहिली गरज साधी असते: कोणाकडून किती यायचं आहे आणि कोणाला किती द्यायचं आहे, हे विसरता कामा नये. म्हणून प्रत्येक माणसाचं एक खातं. त्याने माल नेला, की त्याच्या नावे. त्याने पैसे आणून दिले किंवा माल पुरवला, की त्याच्या खाती जमा. गावोगावच्या किराणा दुकानांतल्या उधारीच्या वह्या आजही एवढंच काम करतात, आणि इथपर्यंत कोणालाच काही अवघड वाटत नाही.

अवघड वाटायला लागतं ते पुढच्या पायरीवर, जेव्हा माणसांचीच ही रीत निर्जीव वस्तूंना लावली जाते. ग्राहकाने ५०० रुपये दिले. त्याच्या खात्यात ५०० जमा झाले. पण ते ५०० रुपये गेले कुठे? गल्ल्यात. मग गल्ल्याचंही एक खातं उघडायचं आणि गल्ला सांभाळायला एक माणूस बसला आहे असं समजायचं. त्याच्या हाती ५०० रुपये दिले, म्हणजे आता तो पेढीला ५०० रुपये देणं लागतो. म्हणून रोकड खात्याच्या नावे ५००. त्याने कोणाला २०० दिले, की तेवढ्या जबाबदारीतून तो मोकळा, म्हणून रोकड खाती २०० जमा. रोकड आली की नावे आणि गेली की जमा, हे जे नवख्याला उफराटं वाटतं, ते माणसांच्या खात्याचाच नियम वस्तूला लावल्यामुळे तसं आहे. मशीन, माल, जागा, बँकेतली शिल्लक या सगळ्यांचं असंच.

यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची. मालकाने स्वतःचे पैसे धंद्यात घातले, तर रोकड खात्याच्या नावे रक्कम आली. पण समोर जमा कोणाच्या खाती करायची? मालकाच्याच. इथे धंदा वेगळा आणि मालक वेगळा असं मानावं लागतं. धंद्याच्या दृष्टीने मालक हाही पैसे पुरवणारा बाहेरचा माणूस आहे आणि धंदा त्याचं देणं लागतो. या खात्याला भांडवल म्हणतात. भांडवल जमा बाजूला का, याचं उत्तर एवढंच. स्वतःचंच दुकान आपलं देणं लागतं ही कल्पना मनाला लगेच पटत नाही, पण ती एकदा पटली की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

आता दोन्ही बाजूंचं काम नीट दिसतं. धंद्यातला प्रत्येक रुपया दोन प्रश्नांना उत्तर देतो. तो आत्ता कुठे, कोणत्या रूपात आहे? आणि तो आला कोणाकडून, त्यावर हक्क कोणाचा? पहिल्या प्रश्नाचं उत्तर नावे बाजूला लिहायचं, दुसऱ्याचं जमा बाजूला. एकाच रुपयाबद्दल हे दोन प्रश्न विचारले जातात, म्हणून दोन्ही बाजूंची बेरीज सारखी येणं भाग आहे. नावे आणि जमा जुळवून आणायचे नसतात. नोंद पूर्ण लिहिली तर ते जुळलेलेच असतात.

उदाहरणावरून हे जास्त स्पष्ट होईल. समजा, एका बाईंनी तालुक्याच्या गावी शिवणकामाचं दुकान काढलं. साठवलेले ५०,००० रुपये त्यांनी दुकानात घातले: रोकड नावे ५०,०००, भांडवल जमा ५०,०००. पतसंस्थेकडून ३०,००० कर्ज घेतलं: रोकड नावे ३०,०००, पतसंस्थेचं कर्ज जमा ३०,०००. गल्ल्यात आता ८०,००० आहेत आणि त्यांतले किती कोणाचे तेही वहीत आहे. मग ४०,००० रुपये रोख देऊन शिलाई मशीन आणलं. इथे हक्क कोणाचाच बदलला नाही, फक्त रुपयांचं रूप बदललं. म्हणून मशीन नावे ४०,००० आणि रोकड जमा ४०,०००. रोकड नावे बाजूची वस्तू आहे, ती कमी झाली म्हणून तिच्या खात्याच्या उलट्या बाजूला लिहिली.

कमी झालं तर सरळ वजा का केलं नाही, हा प्रश्न इथे कोणालाही पडावा. याचं कारण ही पद्धत ज्या काळात घडली त्यात आहे. लुका पाचोली हा फ्रान्सिस्कन साधू गणित शिकवत असे. १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या त्याच्या 'सुम्मा' या जाडजूड गणितग्रंथात हिशेब लिहिण्याच्या व्हेनिसच्या रीतीवर एक स्वतंत्र भाग आहे. ही पद्धत त्याने शोधली नव्हती. व्हेनिसचे व्यापारी ती आधीपासून वापरत होते, त्याने ती छापील पुस्तकातून सगळ्यांपुढे ठेवली. त्यात तीन वह्या सांगितल्या आहेत: घडेल तसं टिपून ठेवायची कच्ची वही, मग रोजकीर्द आणि शेवटी खतावणी. ऋण संख्या तेव्हाच्या युरोपात रुळलेल्या नव्हत्या. भारतात ब्रह्मगुप्ताने ६२८ साली धन आणि ऋण संख्यांचे नियम मांडले होते, तेही मालमत्ता आणि कर्ज याच अर्थाने. पण इटलीच्या व्यापाऱ्याच्या हाताला वजाची खूण असलेले आकडे लिहिण्याची सवय नव्हती. त्याने खात्याचे दोन भाग केले. एका बाजूला वाढ, दुसऱ्या बाजूला घट. महिनाभर दोन्ही बाजूंना नुसत्या बेरजा करायच्या आणि शेवटी एकदाच मोठीतून लहान काढायची. यात एक मोठी सोयही झाली. वजाबाकी करून आधीचा आकडा खोडला असता, तर किती आले आणि किती गेले हे कळलंच नसतं, नुसती शिल्लक हाती राहिली असती. दोन बाजूंमुळे आलेलं आणि गेलेलं दोन्ही शाबूत राहतं.

नावे डावीकडे आणि जमा उजवीकडे, हा मात्र निव्वळ रिवाज आहे. आपल्याकडच्या जुन्या महाजनी वहीखात्यात जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे असते, आणि तो हिशेब तितकाच चोख जुळतो. भारतातल्या पाठ्यपुस्तकांत ताळेबंदाच्या डाव्या बाजूला देणी आणि उजव्या बाजूला मालमत्ता छापलेली पाहून मुलं पुन्हा गोंधळतात. त्यांना एवढं सांगणं पुरेसं आहे की ताळेबंद हे खातं नाही, ते खात्यांच्या शिलकांचं पत्रक आहे, आणि पत्रकात कोणती बाजू कुठे मांडायची हे ठरवून घेतलेलं असतं.

दुकानाकडे परत येऊ. बाईंनी घाऊक व्यापाऱ्याकडून १२,००० रुपयांचं कापड उधार आणलं: कापड नावे १२,०००, व्यापारी जमा १२,०००. एक पैसाही हलला नाही, तरी नोंद झाली, कारण दुकानात वस्तू आली आणि तिच्यावर व्यापाऱ्याचा हक्क बसला. मग महिन्याचं भाडं ५,००० रुपये रोख दिलं. रोकड ५,००० ने कमी झाली, म्हणून रोकड जमा. पण नावे कोणाच्या? बदल्यात मशीनसारखी वस्तू आली नाही की कोणाचं कर्ज फिटलं नाही. महिना सरला, भाडं वापरून झालं. बाईंचे ५,००० रुपये संपले. म्हणजे खरं तर त्यांचं भांडवल ५,००० ने घटलं. भांडवल जमा बाजूचं खातं आहे, त्यातली घट नावे बाजूला जायला हवी. तशी ती थेट भांडवलाच्या खात्यात लिहिली तरी हिशेब बरोबरच आला असता. पण वर्षाअखेर भाडं किती, दोऱ्यावर किती, विजेवर किती हे वेगळं दिसलं नसतं. म्हणून भांडवलातल्या घटीसाठी निराळी खाती उघडतात आणि त्यांना खर्च म्हणतात. भाडं नावे ५,०००.

उत्पन्नाचं याच्या नेमकं उलट. एका शाळेचे गणवेश शिवून बाईंनी १८,००० रुपयांचं बिल दिलं. शाळेकडून १८,००० येणं झालं, म्हणून शाळा नावे १८,०००. ही रक्कम कोणाच्या हक्काची? मालकिणीच्या. तिचा हक्क वाढला, म्हणून जमा. फक्त भांडवलात न मिसळता ती 'शिलाई उत्पन्न' या वेगळ्या खात्यात जमा करतात. खर्च नावे का आणि उत्पन्न जमा का, याचं उत्तर मालकाच्या हक्काच्या या वाढघटीत आहे. पाठांतर करणाऱ्या विद्यार्थ्याला ते क्वचितच सांगितलं जातं.

पुढे शाळेने १०,००० रुपये दिले: रोकड नावे, शाळा जमा. इथे उत्पन्नाला हात लावायचा नाही. ते बिल दिलं तेव्हाच नोंदलं गेलं आहे. नवखे हिशेबनीस पैसे आले की पुन्हा एकदा उत्पन्न जमा करतात. तसं झालं तर शाळेकडचं येणं वर्षानुवर्षं फिटल्याचं दिसत नाही आणि नफा फुगतो. बाईंनी व्यापाऱ्याला ७,००० दिले: व्यापारी नावे, रोकड जमा. महिनाअखेरीला कापड मोजलं तर ४,००० रुपयांचं उरलं होतं. म्हणजे ८,००० चं गणवेशांत गेलं. कापड जमा ८,००० आणि कापडाचा खर्च नावे ८,०००.

ही शेवटची नोंद जरा थांबून पाहण्यासारखी आहे. कापड आलं तेव्हा ते मालमत्ता म्हणून नावे बाजूला होतं. वापरलं गेलं तेव्हा खर्च म्हणून ते पुन्हा नावे बाजूलाच गेलं. मालमत्ता आणि खर्च या दोन अगदी वेगळ्या वाटणाऱ्या गोष्टी एकाच बाजूला का, याचा उलगडा इथे होतो. दोन्ही ठिकाणी पैसा लागलेला आहे. मालमत्तेत त्याचा उपयोग अजून शिल्लक आहे, खर्चात तो होऊन गेला आहे. मशीनही यातून सुटत नाही. ते दहा वर्षं चालेल आणि शेवटी त्याचं काही मोल उरणार नाही असं धरलं, तर दर वर्षी ४,००० रुपये मशीनच्या खात्यातून निघून घसारा या खर्चाच्या खात्यात जातील. महिन्याच्या या उदाहरणात तो हिशेब सोडून दिला आहे.

महिनाअखेर प्रत्येक खात्याची शिल्लक काढून ती एका कागदावर मांडायची. याला तेरीज म्हणतात.

| खातं | नावे (रु.) | जमा (रु.) |
|---|---|---|
| रोकड | ३८,००० | |
| शिलाई मशीन | ४०,००० | |
| उरलेलं कापड | ४,००० | |
| शाळा | ८,००० | |
| कापडाचा खर्च | ८,००० | |
| भाडं | ५,००० | |
| भांडवल | | ५०,००० |
| पतसंस्थेचं कर्ज | | ३०,००० |
| घाऊक व्यापारी | | ५,००० |
| शिलाई उत्पन्न | | १८,००० |
| एकूण | १,०३,००० | १,०३,००० |

उत्पन्न १८,०००, खर्च १३,०००, नफा ५,०००. हा नफा मालकिणीचा, म्हणून तो भांडवलात मिळवला की भांडवल ५५,००० होतं. उरलेल्या नावे शिलकांची बेरीज ९०,०००. समोर कर्ज, व्यापाऱ्याचं देणं आणि भांडवल मिळूनही ९०,०००. हा झाला ताळेबंद. नफा ५,००० आणि रोकड ३८,००० यांचा एकमेकांशी थेट संबंध नाही, हेही इथे दिसतं. धंदा नफ्यात असून हातात पैसे नसणं किंवा तोट्यात असून गल्ला भरलेला असणं, दोन्ही शक्य आहे.

शाळा-कॉलेजात हे सगळं तीन 'सुवर्ण नियमां'त शिकवतात. व्यक्तीच्या खात्यात घेणारा नावे, देणारा जमा. वस्तूच्या खात्यात येणारं नावे, जाणारं जमा. नामधारी खात्यात खर्च-तोटे नावे, उत्पन्न-नफे जमा. नियम बरोबर आहेत आणि परीक्षेच्या घाईत कामालाही येतात. पण तीन वेगळे नियम म्हणून ते पाठ केले की त्यांच्यातलं नातं तुटतं. वस्तूचा नियम हा गल्ला सांभाळणाऱ्या त्या कल्पित माणसाला लावलेला व्यक्तीचाच नियम आहे, आणि खर्च-उत्पन्नाचा नियम हा मालक या व्यक्तीच्या खात्याचाच विस्तार आहे. नियमांऐवजी या नात्यावरून शिकवलं, म्हणजे क्रम आधी उधारीची वही, मग गल्ला, मग भांडवल आणि शेवटी खर्च-उत्पन्न असा ठेवला, तर पाठ करण्यासारखं फारच थोडं उरेल.

तेरीज जुळली नाही तर चूक शोधावी लागते, आणि त्यासाठी जुन्या हिशेबनिसांच्या दोन युक्त्या आजही उपयोगी पडतात. समजा व्यापाऱ्याला दिलेले ७,००० त्याच्या खात्यात नावे लिहायचे ते चुकून जमा लिहिले. मग त्याची जमा शिल्लक ५,००० ऐवजी १९,००० दिसेल आणि जमा बाजूची बेरीज १,१७,००० होईल. फरक १४,०००. चुकीच्या बाजूला गेलेली रक्कम नेहमी दुपटीने फरक पाडते, कारण ती जिथे हवी तिथून गायब असते आणि जिथे नको तिथे हजर असते. म्हणून फरकाचं निम्मं करायचं आणि ती रक्कम वहीत शोधायची. दुसरी युक्ती आकडे उलटसुलट झाल्याची. एका बाजूला १२,००० आणि दुसरीकडे २१,००० लिहिलं गेलं तर फरक ९,००० येतो. शेजारशेजारच्या अंकांची अदलाबदल झाली की फरकाला ९ ने निःशेष भाग जातो. भाग गेला म्हणजे हीच चूक असं सिद्ध होत नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. संगणकावर एका बाजूची नोंद करून थांबताच येत नाही, त्यामुळे या चुका आता कमी झाल्या आहेत.

तेरीज जुळली तरी हिशेब खरा असेलच असं मात्र नाही. बाईंनी भाड्याचे ५,००० रुपये भाड्याऐवजी मशीनच्या खात्यात नावे लिहिले तर? बेरीज तीच राहते, १,०३,०००. पण खर्च ८,००० वर येतो, नफा दुपटीने वाढून १०,००० होतो आणि मशीन ४५,००० रुपयांचं दिसतं. मालमत्ता आणि खर्च एकाच बाजूला राहतात, त्यामुळे ही चूक बेरजेतून कधीच उघडी पडत नाही.

अमेरिकेतल्या वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीने हेच केलं, आणि जाणूनबुजून केलं. आपल्या ग्राहकांचे फोन दुसऱ्या कंपन्यांच्या तारांवरून जोडण्यासाठी तिला त्या कंपन्यांना भाडं द्यावं लागे. तो सरळसरळ खर्च होता. २००१ साली आणि २००२ च्या पहिल्या तिमाहीत त्यातले सुमारे ३८० कोटी डॉलर खर्चाच्या खात्यातून काढून मालमत्तेच्या खात्यात टाकले गेले. नावे बाजूतून नावे बाजूत. सगळी पत्रकं जुळत होती आणि तोट्याच्या जागी नफा दिसत होता. कंपनीच्या अंतर्गत तपासणी विभागाच्या प्रमुख सिंथिया कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे बाहेर काढलं. मालमत्तेत वाढलेल्या या रकमांना आधार म्हणून खरेदीचा कागद मागितला, तर तो कोणाकडेच नव्हता. २५ जून २००२ रोजी कंपनीने हा प्रकार जाहीर केला आणि पुढच्याच महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज केला.

कूपर यांनी बेरजा तपासून भागवलं नाही, त्या वहीच्या बाहेर गेल्या. लहान दुकानालाही तेच करावं लागतं. कापड हाताने मोजावं लागतं, गल्ल्यातल्या नोटा मोजाव्या लागतात, मशीनचं बिल काढून पाहावं लागतं. बँकेच्या पासबुकाशी दर महिन्याला जुळवणी करावी लागते, आणि तिथे दोन वह्या एकमेकींच्या उलट असल्याचा फायदाच होतो. बाईंच्या वहीत जे नावे ते बँकेच्या वहीत जमा असायला हवं, आणि जिथे जोडी सापडत नाही तिथे बोट ठेवून विचारता येतं: चेक अजून वटला नाही का, की बँकेने शुल्क कापलं ते आपण नोंदलंच नाही?

व्यापाऱ्याच्या बाबतीतही तसंच. बाईंच्या खतावणीत त्याच्या खाती ५,००० जमा आहेत, म्हणजे त्याच्या खतावणीत बाईंच्या नावे ५,००० असायला हवेत. समजा त्याने पाठवलेल्या खातेउताऱ्यात ५,३०० निघाले. बाईंची तेरीज तर बिनचूक जुळलेली आहे. मग दोन्ही उतारे शेजारी ठेवून एकेका नोंदीवर खूण करत गेलं की कळतं: महिन्याच्या मध्यावर ३०० रुपयांची बटणं उधार आणली होती आणि त्याचं बिल कच्च्या वहीत टिपायचंच राहिलं होतं. बटणं नावे ३००, व्यापारी जमा ३००.